शेवटच्या परिच्छेदातला कुकर

कुकर बनवणाऱ्या त्या कारखान्यात प्रसिद्धी विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि मजकूरबाई. बाईंचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. बाकी सगळीकडे त्या मजकूरबाईच. कुणी कौतुकानं पानभर लिहून आणलं की चष्मा कपाळावर चढवून त्या विचारायच्या, "छान आहे हो, पण यातला मजकूर कुठाय?" हे इतक्यांदा झालं की नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाईंची दुसरी एक सवय होती. कंपनीतलं कुठलंही परिपत्रक हातात आलं की त्या ते खालून वाचायच्या. नव्या माणसाला ते विचित्र वाटे. जुन्यांना माहीत होतं, की आपल्या कंपनीत वरचे चार परिच्छेद आरतीचे असतात आणि सुट्टी रद्द झाली आहे की नाही, ते शेवटच्या ओळीत कळतं.

तर अशा कंपनीत एका सकाळी मोठ्या साहेबांनी तातडीची बैठक बोलावली.

मोठे साहेब म्हणजे कंपनीचे संचालक, संस्थापकांचे चिरंजीव. त्यांच्या खोलीत संस्थापकांचं माणसाएवढं तैलचित्र होतं आणि साहेब नेमके त्याच्याखाली बसत, त्यामुळे समोरच्याला एकदम दोन मालक बघत असल्यासारखं वाटे. उजवीकडे विक्रीप्रमुख. यांना सगळे मागून 'भोंगा' म्हणत, कारण ते शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशीही मैदानात सभा चालू असल्यासारखं बोलत. डावीकडे कंपनीचे वकील, ज्यांना 'पाऊस पडतोय' म्हणायचं झालं तरी 'पडत असल्याचं सांगण्यात येतं' असं म्हणायची सवय. आणि टेबलाच्या टोकाला दर्जा तपासनीस. हा माणूस एरवी बैठकीत चहा पिण्यापलीकडे तोंड उघडत नसे. आज त्याचा चहा तसाच निवत होता.

"काय झालंय ते सांगा," साहेब म्हणाले.

तपासनीसानं खिशातून बोराएवढं धातूचं बूच काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, ही निळ्या मुठीच्या कुकरची झडप. हिच्या मधोमध एक मऊ धातू भरलेला असतो. शिट्टीची वाट अन्नानं चोंदली तर आतली वाफ वाढत जाते, कुकर तापत जातो. मग हा धातू वितळायचा आणि वाफेला वाट करून द्यायची, एवढंच त्याचं काम. पण यंदा पुरवठादारानं भलताच धातू घातला. तो वितळतच नाही."

"मग काय होतं?"

"मग झाकण उडतं."

सगळे त्या बुचाकडे बघू लागले. तैलचित्रातले संस्थापकही थोडे गंभीर झाल्यासारखे दिसले.

"एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उडालं," तपासनीस खाली मान घालून म्हणाला. "वाटाणे शिजत होते. स्वयंपाकीणबाई दोन पावलं लांब होत्या म्हणून वाचल्या. पण कोपरापर्यंत हात भाजलाय. मी जाऊन बघून आलो."

"बाकीचे कुकर?"

"लोकांच्या घरी आहेत, साहेब. रोज शिजवतायत."

आता इथपर्यंत सगळ्यांचं डोकं ठिकाणावर होतं, हे सांगायला हवं. मोठे साहेब वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की ज्यांच्याकडे हा कुकर आहे त्यांना झडप फुकट बदलून द्यायची, नको असेल त्याला पैसे परत करायचे, आणि ही गोष्ट आजच वर्तमानपत्रांना कळवायची. "बाई, प्रसिद्धीपत्रक लिहा," ते म्हणाले. निर्णय चोख होता. घोटाळा सुरू झाला तो निर्णय शब्दांत मांडायची वेळ आली तेव्हा.

बाई जिन्याखाली गेल्या. पत्रक लिहिताना त्यांची एक साधी रीत होती. बातमी घेऊन आपण जिना चढतोय, शेजारीण घाईघाईनं जिना उतरतेय, ती थांबणार नाही, अशी त्या कल्पना करत. ती शेजारून जाईपर्यंत काय ओरडून सांगाल? ते शीर्षक. ती वळून 'काय म्हणालात?' म्हणाली तर काय सांगाल? तो पहिला परिच्छेद. ती थांबलीच, पिशवी खाली ठेवून उभी राहिली, तर मग सांगा बाकीची रामकहाणी. बाईंनी लिहिलं:

'निळ्या मुठीचा कुकर वापरू नका. झाकण उडण्याचा धोका.'

खाली लहान अक्षरात: 'झडप मोफत बदलून मिळेल, नको असल्यास पैसे परत.'

आणि पहिला परिच्छेद: 'निळ्या मुठीचे जे कुकर यंदा विकले गेले, त्यांची सुरक्षा झडप सदोष असल्याचे आढळले असून ग्राहकांनी ते आजपासून वापरू नयेत, असे आवाहन कंपनीने केले आहे. शिट्टीचा मार्ग चोंदल्यास अशा कुकरचे झाकण उडून गंभीर इजा होऊ शकते. एका स्वयंपाकीणबाईंचा हात यामुळे भाजला आहे. कुकरचे झाकण कोणत्याही विक्रेत्याकडे नेल्यास झडप मोफत बदलून दिली जाईल.' त्याखाली आपला कुकर त्यातलाच आहे हे मुठीच्या आतल्या बाजूच्या क्रमांकावरून कसं ओळखायचं ते. त्याखाली साहेबांचे दिलगिरीचे दोन शब्द. सगळ्यात शेवटी कंपनीची माहिती आणि फोन नंबर. एक पान, त्यातही खाली जागा उरली.

बाईंनी ते बैठकीत वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर सगळे असे बघू लागले, की जणू बाईंनीच कुणाचं तरी झाकण उडवलंय.

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "हे आपणच आपल्याविषयी लिहिलंय?"

"हो, साहेब."

"वाचून वाटतं शत्रूनं लिहिलंय."

"'वापरू नका'!" भोंगे गरजले. "विक्री विभागात मी आयुष्य घालवलं बाई, 'वापरा, वापरा' म्हणत! आणि तुम्ही पहिल्याच ओळीत 'नका'? काहीतरी सकारात्मक घ्या. 'ग्राहक सन्मान अभियान'! वा! ग्राहकाचा सन्मान म्हणून आपण त्याची झडप बदलून देतोय!"

"सन्मान करताना त्याला 'हात भाजेल' हे सांगायचं ना?" बाईंनी विचारलं.

"सांगू की. खाली सांगू."

वकिलांनी चष्मा पुसला. "'सदोष' हा शब्द काढावा लागेल. 'काही विशिष्ट परिस्थितीत अपेक्षेहून वेगळं कार्य करण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं लिहा. 'इजा' नको. 'गैरसोय'."

"वकीलसाहेब, झाकण छताला लागलं. ते काय गैरसोय म्हणून गेलं वर?"

तपासनीस खुदकन हसला आणि लगेच चहाकडे बघू लागला.

मग मोठे साहेब बोलले, आणि ते अगदी मनापासून बोलले. त्यांना वाटत होतं, की इतकी वर्षं ज्यांनी ही कंपनी उभी केली त्या वडिलांचा उल्लेख अशा प्रसंगी नसावा, हे बरं दिसत नाही. त्यामुळे संस्थापक पहिल्या परिच्छेदात आले. संस्थापक आले म्हणून परंपरा आली. परंपरा आली म्हणून पुरस्कार आले. साहेबांचा फोटो जोडायचा ठरला. भोंग्यांनी लवकरच बाजारात येणाऱ्या लाल मुठीच्या कुकरचं एक वाक्य घुसवलं, 'जाताजाता'. प्रत्येकाला आपलं वाक्य वर हवं होतं आणि झडपेचं वाक्य कुणाचंच नव्हतं, म्हणून ते आपसूक खाली खाली सरकत गेलं.

संध्याकाळी जे तयार झालं त्याचं शीर्षक होतं: 'गुणवत्तेच्या उज्ज्वल परंपरेला ग्राहक सन्मानाची जोड'. आणि सुरुवात अशी: 'संस्थापकांच्या दूरदृष्टीतून साकारलेल्या आणि घराघरांत विश्वासाचे दुसरे नाव ठरलेल्या आमच्या उद्योगसमूहाने, संचालकांच्या कुशल मार्गदर्शनाखाली, ग्राहकांप्रति असलेली बांधिलकी अधोरेखित करत, एक अभिनव अभियान हाती घेतले आहे...' हे वाक्य परिच्छेदभर चाले आणि शेवटी दमून बसे. झडप शेवटच्या परिच्छेदात होती, 'तसेच' या शब्दानंतर. भाजलेला हात कुठेच नव्हता.

बाईंनी टेबलावरची कात्री उचलली. "साहेब, एक मिनिट. वर्तमानपत्राच्या कचेरीत असं होतं. पानावर जागा एवढीशी असते आणि अशी पत्रकं ढीगभर. तिथला माणूस शीर्षक वाचतो, पहिला परिच्छेद वाचतो आणि कोणत्या पानावर टाकायचं ते ठरवतो. मग जागेत बसेना झालं की खालून कापतो. असं." त्यांनी शेवटचा परिच्छेद कापला. तो टेबलावर पडला. "गेली झडप." मग त्याच्या वरचा. "गेलं लाल मुठीचं." मग त्याच्या वरचा. "आता उरलं ते बघा. तुम्ही, तुमचे वडील आणि फोटो."

साहेबांनी उरलेला तुकडा हातात घेऊन वाचला. "हे तर छानच दिसतंय," ते म्हणाले.

बाईंनी कात्री खाली ठेवली.

"आणि आपली बातमी कापेल कोण?" भोंग्यांनी हात उडवले. "इतक्या जाहिराती देतो आपण! काय हिंमत आहे!"

"पाठवा, बाई," साहेब म्हणाले. "आणि पत्रकारांशी फोनवर बोलणं नको. जे आहे ते पत्रकात आहे."

ते खोटंही नव्हतं. जे होतं ते पत्रकात होतंच, तळाशी.

बाईंनी पाठवलं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर राजीनामा तोंडावर फेकला असता, असं आपण घरी बसून म्हणू शकतो. बाईंनी आपलं मूळ पत्रक टेबलाच्या खणात ठेवलं, कुलूप लावलं, घरी जाताना थोरल्या बहिणीला फोन केला. थोरली घरीच रांधून दहाबारा माणसांना जेवण पुरवायची, आणि तिच्याकडे निळ्या मुठीचे दोन कुकर होते, बाईंनीच सवलतीत आणून दिलेले.

"ताई, निळ्या मुठीचा कुकर चढवू नकोस. झाकण उडतंय. झडप मी बदलून आणते."

"अगं बाई! बरं झालं सांगितलंस." पलीकडे गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज आला. मग थोरली म्हणाली, "मला बहीण आहे तिथं कामाला. ज्यांना नाही त्यांना कोण फोन करणार गं?"

"त्यांना वर्तमानपत्रात येईल."

"असं होय? नीट लिहिलंयस ना?"

"ठेवते गं," म्हणून बाईंनी फोन बंद केला, आणि त्या रात्री त्यांना काही केल्या जेवण गोड लागलं नाही.

सकाळी बाईंनी स्टॉलवरून चार वर्तमानपत्रं घेतली. दोघांनी काहीच छापलं नव्हतं. तिसऱ्यानं मंगळसूत्रांच्या सवलतीशेजारी दोन ओळी दिल्या होत्या. चौथ्यानं, जिथं बाईंचा जुना सहकारी उपसंपादक होता, 'बाजारात नवे' या सदरात छान चौकट केली होती. शीर्षक, पहिल्या परिच्छेदाचा पूर्वार्ध, आणि निळ्या मुठीचा कुकर हातात धरलेल्या साहेबांचा फोटो. साहेब फोटोत हसत होते. झडप नव्हती.

कचेरीत पाऊल टाकलं तर फोन थांबत नव्हते. बाईंनी पहिला उचलला.

"हॅलो, ते सन्मान अभियान तुमचंच ना? आम्हाला काय मिळणार?"

"आपल्याकडे निळ्या मुठीचा कुकर आहे का?"

"नाही, पण घेते ना आजच! सन्मानात काय देताय? डबा की ताट?"

दुसऱ्या फोनवर एक आजोबा होते. त्यांनी सन्मान कोणत्या सभागृहात आहे ते विचारलं, आणि सपत्नीक यायचं का तेही. बाईंनी दोघांनाही झडपेचं सांगितलं. आजोबा म्हणाले, "असं होय. मग ते आधी लिहायचं ना हो."

भोंगे दारात येऊन उभे राहिले, आनंदानं फुगलेले. "बाई! एका विक्रेत्याचा फोन! निळ्या मुठीचे सगळे संपले, अजून पाठवा म्हणतोय! बघितलंत सकारात्मक लिहिल्यावर काय होतं?"

"दुकानातून उचलले नाहीत अजून?"

"उचलणार होतो ना आज! त्याआधीच खपले!"

त्यांच्या मागे तपासनीस उभा होता.  कालपर्यंत जे लोकांच्या घरी होते त्यात आज सकाळी दुकानातलेही गेले, आणि ते गेले ते सदोष माल परत मागवणाऱ्या पत्रकामुळे. कारखान्याच्या इतिहासात इतकं प्रभावी पत्रक कुणी लिहिलं नव्हतं.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," बाई तपासनीसाला म्हणाल्या. खणातला कागद काढला आणि दोघं वर गेले.

मोठे साहेब चौकट कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून काचेखाली ठेवत होते. बाईंनी विक्रीचं सांगितलं. साहेबांचा चेहरा जरा उतरला. "वकिलांना विचारून एक पुरवणी काढू," ते म्हणाले. "उद्या-परवा. घाई दिसता कामा नये." तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. हात डिंकानं चिकट झालेले, म्हणून त्यांनी बोटाच्या टोकानं स्पीकर लावला. फोन वहिनींचा होता, म्हणजे साहेबांच्या पत्नीचा.

"अहो, वाचलं हो पेपरात! फोटो किती छान आलाय! तो राखाडी कोट घाला म्हटलं होतं ना मी!"

साहेब संकोचून हसले. "हो, हो. नंतर बोलतो."

"ऐका तर. मी वाचून दाखवलं सगळ्यांना. मग म्हटलं, आपल्याच कंपनीचा सन्मान आपण नाही करायचा तर कोणी? तो जुना मोडका टाकून दिला आणि ड्रायव्हरला पाठवून निळ्या मुठीचा आणवला. एक लेकीकडेही धाडला. वाटाणे लावलेत. पण काय हो, याची शिट्टीच होत नाहीये मघापासून. नुसता थरथरतोय. जरा हलवून बघू का?"

साहेब उभे राहिले. खुर्ची मागे तैलचित्रावर आपटली आणि संस्थापक तिरके झाले.

"हात लावू नकोस!" ते ओरडले. "कुकरला हात लावू नकोस! बाहेर ये स्वयंपाकघरातून! झाकण उडेल! गॅस बाहेरच्या मोठ्या बटणानं बंद कर, जवळ जाऊ नकोस! त्याची झडप खराब आहे! निवेपर्यंत कुणाला आत जाऊ देऊ नकोस! लेकीला फोन कर, तिला सांग चढवू नको! झडप मी बदलून देतो, सगळ्यांच्या बदलून देतोय आपण!"

पलीकडे काहीतरी पडल्याचा, पळाल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसता कुणाचा तरी श्वास. खोलीतले तिघंही फोनकडे बघत होते, जणू तोच तापलाय. भोंगेही दारात आले होते आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बंद होता.

"केला बंद," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "बाहेर आलेय. थरथर कमी झालीये." मग त्यांचा आवाज बदलला. "हे पेपरात का नाही लिहिलंत?"

"लिहिलं होतं."

"कुठे? मी अख्खं वाचलं. दोनदा."

साहेबांनी फोन ठेवला आणि ते खुर्ची चाचपून तीत बसले.  बाईंनी एवढ्या वेळात टेबलावरच्या कोऱ्या कागदावर काहीतरी खरडलं होतं. तो कागद त्यांनी साहेबांसमोर सरकवला आणि शाळेत मुलाला त्याचंच बरोबर आलेलं गणित दाखवावं तशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, वाचा. आत्ता तुम्ही बोललात तेच आहे. त्याच क्रमानं."

साहेबांनी वाचलं. हात लावू नका. झाकण उडेल. काय करायचं. का. कुणाला सांगायचं. झडप बदलून मिळेल.

"आणि हे माझं कालचं." बाईंनी दुसरा कागद शेजारी ठेवला. "तुम्ही वहिनींना परंपरा सांगितली नाहीत. पुरस्कार नाहीत. वडिलांचं नावही काढलं नाहीत. उत्तम पत्रक सांगितलंत, साहेब. माझ्यापेक्षा चांगलं. मी 'वापरू नका' म्हटलं होतं; तुम्ही 'हात लावू नका' म्हणालात."

"ती माझी बायको होती, बाई," साहेब पुटपुटले.

"बाकीच्या घरांतही कुणाच्या तरी बायकाच असतात."

वकिलांना बोलावलं गेलं. ते आले, वाचलं आणि म्हणाले, "'उडेल' ऐवजी 'उडण्याची शक्यता'—"

"तुमच्या घरी कोणता कुकर आहे?" साहेबांनी विचारलं.

वकिलांनी आठवून पाहिलं. मग ते बाहेर जाऊन एक फोन करून आले आणि परत आल्यावर 'उडेल' या शब्दाला त्यांनी हरकत घेतली नाही. एक सूचना मात्र त्यांनी केली आणि ती खरोखर चांगली होती: क्रमांक कुठे बघायचा हे ज्या ओळीत आहे ती आणखी वर घ्या. बाईंनी घेतली.

भोंग्यांचा जीव तुटत होता. "निदान 'सन्मान' हा एक शब्द?"

"शेवटी घाला," साहेब म्हणाले. "कापला गेला तर जाईल."

या वेळी बाईंना फोनवर बोलायची मुभा होती. त्यांनी उपसंपादकाला फोन लावला. तो आधी तणतणला. "काल तूच पाठवलंस ना? मी शीर्षक बघितलं, म्हटलं हिला पण शेवटी आरती म्हणायला बसवलं कंपनीनं. तुझं नाव होतं म्हणून 'बाजारात नवे'त तरी घातलं. नाहीतर टोपलीत!"

"शेवटचा परिच्छेद वाचलास?"

"अगं, पत्रकांचा शेवटचा परिच्छेद कोण वाचतं? तिथं 'समूहाविषयी थोडक्यात' असतं."

"काल तिथं झाकण उडत होतं."

त्यानं पलीकडे कागद चाळले. मग म्हणाला, "पाठव. पहिल्या पानाची जागा आहे अजून." आणि थोड्या वेळानं, पत्रक वाचून, स्वतःच फोन केला. "एक शब्द बदलायला नाही लागला. कोणी लिहिलं?"

"संचालकांनी," बाई म्हणाल्या.

आकाशवाणीवर दुपारच्या बातम्यांत ते वाचलं गेलं. दुसऱ्या दिवशी तीन वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होतं. एकानं जागेअभावी खालून कापलं. कापलं गेलं ते 'सन्मान' आणि समूहाची उज्ज्वल परंपरा. झडप, धोका, क्रमांक, कुठे जायचं, हे सगळं शाबूत.

मग लोक झाकणं घेऊन आले. दुकानांपुढे आणि कारखान्याच्या फाटकापुढे रांगा लागल्या. कुणी झाकण पिशवीतून आणलं, कुणी ढालीसारखं छातीशी धरून. तपासनीस स्वतः टेबल टाकून बसला होता, बाई शेजारी. एका तरुण मुलीच्या झाकणाची शिट्टीची नळी त्यानं उजेडात धरली आणि पलीकडचं काहीच दिसेना. नळी अन्नाच्या चोथ्यानं पूर्ण बुजली होती.

"आज चढवला होता?"

"चढवणारच होते," मुलगी म्हणाली. "बाळाला घेऊन पेपर बघत होते. ते रडायला लागलं म्हणून टाकला खाली. मोठी अक्षरं तेवढी वाचली." तिनं बुजलेल्या नळीकडे बघितलं, मग कडेवरच्या बाळाकडे. "पुढचं अजून वाचायचंच आहे. काही महत्त्वाचं होतं का त्यात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "महत्त्वाचं वाचलंत तुम्ही."

आठवडाभरात कंपनीचं नाव खराब होण्याऐवजी चांगलंच झालं, कारण ज्यांनी स्वतःहून आणि स्पष्ट सांगितलं अशा कंपन्या लोकांच्या पाहण्यात फारशा नव्हत्या. भोंगे आता जिथं तिथं सांगू लागले, की स्पष्ट बोलणं हे विक्रीचं सर्वांत मोठं तंत्र आहे आणि ते आपण पहिल्यापासून सांगत होतो. तैलचित्र सरळ झालं. आणि एका सकाळी सूचनाफलकावर मोठ्या साहेबांच्या सहीचं पानभर परिपत्रक लागलं: 'संस्थापकांच्या दूरदृष्टीतून साकारलेल्या आमच्या उद्योगसमूहाने संकटसमयी दाखवलेल्या पारदर्शकतेबद्दल...'

माणसाची सवय अशी एका उकळीत जात नाही.

बाई फलकापुढे उभ्या राहिल्या, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सवयीनं तळापासून वाचायला लागल्या. अगदी तळाशी, 'तसेच' नंतर, एक ओळ होती: वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंच्या उपचारांचा सगळा खर्च आणि हात बरा होईपर्यंतचा पगार कंपनी देईल.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं नाही. जिन्याखालून कात्री आणली, ती ओळ कापली आणि फलकाच्या अगदी वर, सगळ्यांना दिसेल अशी, एकटीच लावली. उरलेलं पान होतं तिथंच राहू दिलं. त्याचा कुणाला त्रास नव्हता.

मग त्यांनी तपासनीसाकडून नंबर घेतला आणि स्वयंपाकीणबाईंना फोन करून ती ओळ वाचून दाखवली.

 पलीकडून स्वयंपाकीणबाईंनी भीत भीत विचारलं, "म्हणजे मालकांनी एवढंच लिहिलंय का?"

"लिहिलंय पुष्कळ," मजकूरबाई म्हणाल्या. "मजकूर एवढाच आहे."